दिवाळीचा मेल, गणपतीच्या आधी

२०२५ च्या ऑगस्टमधला सोमवार, २५ तारीख. दोन दिवसांवर गणपती. ऑफिसात अर्धं लक्ष कामात, अर्धं आरास आणि वर्गणीत. अशा दिवशी मी काकांना म्हटलं, "दिवाळीच्या सुट्ट्यांचा मेल आज बायर्सना पाठवते." काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, गणपती तर बसू देत! दिवाळीला अजून दोन महिने आहेत."

भोसरी एमआयडीसीत आमचा घरचा कारखाना आहे. कोल्हापूरहून बिडाची कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करतो, बाहेरून झिंक प्लेटिंग करून घेतो आणि फ्लँज, बुश असे पार्ट जर्मनी आणि अमेरिकेला पाठवतो. बाबा शॉप फ्लोअर बघतात, काका पैसे आणि बायर, मी डॉक्युमेंट. दिवाळीचा मेल इतकी वर्षं काका ऑक्टोबर उजाडला की चार ओळींत लिहीत: अमुक ते अमुक बंद, शुभेच्छा, आपला नम्र.

२०२४ ला त्या चार ओळी महागात पडल्या होत्या. मेलमध्ये ५ नोव्हेंबरला सुरू होऊ असं होतं, आणि कुलूप खरंच त्या दिवशी उघडलं. अमेरिकेच्या बायरनं धरलं की माल त्याच आठवड्यात निघेल. पण आमचे निम्मे ऑपरेटर यूपी-बिहारचे, ते छठ करूनच परततात. प्लेटिंगवाला दिवाळीत टाक्या साफ करायला काढतो, त्याचं रूळावर यायला आणखी काही दिवस जातात. माल निघेपर्यंत नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडला. बायरनं शेवटी काही खोकी विमानानं मागवली आणि भाड्याचा फरक आमच्या बिलातून वळता केला.

म्हणून यंदा मी मेल लिहायच्या आधी फोन घेऊन बसले. समोर जर्मनीची ऑर्डर होती, एलसीवरची, म्हणजे अटी पाळल्या तर पैसे देण्याची बायरच्या बँकेनं हमी दिलेली. एलसीत शिपमेंटची शेवटची तारीख २० ऑक्टोबर. इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: आपल्या गेटमधून ट्रेलर कधी निघाला याच्याशी बँकेला काही देणंघेणं नसतं. जहाज कंपनीच्या पावतीवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर, माल जहाजावर चढल्याची जी तारीख पडते, तीच शिपमेंटची तारीख. आमचा माल जहाजावर चढवून देणाऱ्या एजंटचं, फॉरवर्डरचं, हॅम्बुर्गचं जहाज आठवड्यातून एकदा, बुधवारी. म्हणजे आम्हाला १५ ऑक्टोबरचं जहाज मिळायलाच हवं. ते चुकलं की पुढचं २२ चं, आणि २२ ला एलसी मोडली. मग एलसीत बदल, बँकेचे चार्जेस आणि बायरची मिनतवारी.

१५ पासून मी कागदावर उलटं मोजायला लागले. न्हावाशेव्याला त्या जहाजाचा गेट कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात आत घ्यायची शेवटची मुदत, सोमवारी, १३ ला. खंडाळ्याच्या घाटात आणि पोर्टाबाहेरच्या रांगेत एखादा दिवस सहज जातो, म्हणून कंटेनर शनिवारी ११ लाच भरून, सील होऊन निघायला हवा. ९ ला गुरुवार, एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. म्हणजे पॅकिंग १० ला, आणि प्लेटिंगहून माल बुधवारी ८ ला दारात.

प्लेटिंगवाल्यांना फोन लावला. "ताई, ऑक्टोबरात तुम्ही एकटे नाही, अख्खी भोसरी दिवाळीआधी माझ्या दारात उभी असते. शुक्रवारी ३ ला सकाळी माल टाका, ८ ला देतो. त्यानंतर आलात तर दिवाळीनंतरच."

"दोन दिवसांत नाही का होणार?"

"होईल की. पण बिडाला बारीक छिद्रं असतात, त्यात टाकीतलं पाणी मुरतं. नीट धुऊन, भट्टीत वाळवल्याशिवाय पिशवीत घातलंत तर महिनाभरानं पांढरे डाग फुटतील. मग मला बोलू नका."

त्यांचं खरं होतं. परत आलेला तसा पार्ट मी पाहिला आहे. वरून चकचकीत, आणि बोअरच्या कडेला पिठासारखी पांढरी बुरशी. नखानं खरवडली की निघते, पण खाली काळा ठिपका राहतो. इथे निघताना माल अगदी स्वच्छ दिसतो, डाग समुद्रावर फुटतात.

३ ला सकाळी माल टाकायचा, तर त्याआधी २ ला दसरा, १ ला खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे मशीन धुऊन, हळदकुंकू लावून बंद असतात. बाबा त्यावर कधीच तडजोड करत नाहीत. म्हणजे मशिनिंग ३० सप्टेंबरला संपायला हवं. दोन आठवड्यांचं मशिनिंग, म्हणजे कास्टिंग १५ सप्टेंबरपर्यंत आत. कोल्हापूरची फाउंड्री चार आठवडे मागते.

मी कॅलेंडरवर बोट मागे नेत गेले आणि १८ ऑगस्टवर थांबले. तो दिवस आठवड्यापूर्वीच होऊन गेला होता.

कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी पेन घेऊन स्वतः पुन्हा मोजलं, गुरुवार तपासले, मग म्हणाले, "म्हणजे नवीन कास्टिंगसाठी दिवाळीआधीची मुदत संपली की गं!" जर्मनीच्या ऑर्डरमधल्या तीन पार्टपैकी दोघांची कास्टिंग आमच्याकडे पडून होती. तिसरा नवा होता, त्याचं ड्रॉइंग अजून बायरकडेच अडकलं होतं.

संध्याकाळपर्यंत मेल तयार झाला. सणांची नावं एका ओळीत संपवली. बायरला वसुबारस आणि भाऊबीज समजावून सांगण्यात हशील नाही. त्याला कधीपर्यंत काय करायचं तेवढं कळलं पाहिजे. म्हणून सुरुवातच अशी केली: ज्या पार्टची कास्टिंग आमच्याकडे आहेत, त्यांची संख्या ५ सप्टेंबरपर्यंत पक्की करा, माल १५ ऑक्टोबरच्या जहाजावर चढेल. नव्या पार्टचा माल नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघेल. कारखाना १९ ते २६ ऑक्टोबर बंद. २७ ला ऑफिस उघडेल, पूर्ण उत्पादन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर. ही शेवटची ओळ काकांना खटकली. "आपली कमजोरी कशाला दाखवायची?" मी २०२४ च्या विमानभाड्याची डेबिट नोट काढून दाखवली. ओळ राहिली. महिने सगळीकडे अक्षरांत लिहिले, कारण ५/९ म्हटलं की अमेरिकेत ते ९ मे होतं.

तासाभरात जर्मनीहून उत्तर आलं, आणि त्यानं माझ्याही हिशेबातली एक बाजू उघडी केली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघालेलं जहाज लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणार, म्हणजे हॅम्बुर्गला ऐन नाताळात लागणार. तेव्हा त्यांचं गोदाम बंद, आणि कंटेनर बंदरात भाडं खात पडणार. बायरनं लिहिलं होतं: दोन पार्ट १५ ऑक्टोबरला पाठवा, तिसऱ्याचं ड्रॉइंग या आठवड्यात देतो, पण तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी जहाजावर चढवूच नका. एलसीत अंशतः शिपमेंटला परवानगी होतीच, तिसऱ्या पार्टपुरती तारीख तो वाढवून देणार होता.

काकांनी उत्तर वाचलं आणि लगेच कोल्हापूरला फोन लावला. "आता घाई नाही," त्यांनी फाउंड्रीवाल्यांना सांगितलं, "पण साच्याचा पॅटर्न गणपती झाल्याबरोबर लावा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांच्या नाताळाची सुट्टी नक्की कधीपासून, तेही विचारून ठेव."