कॅरेक्टर शीटमधली वासंती कथेत कशी आली: माझा अनुभव

एका लेखन कार्यशाळेत कथेआधी आम्हाला कॅरेक्टर शीट भरायला लावली होती. छापील, सहा पानांची. आवडता रंग, सर्वांत मोठी भीती, लहानपणीची ठळक आठवण, चालण्या-बोलण्याच्या लकबी, तीन गुण, तीन दोष, आणि शेवटी ‘स्वभावाचे वर्णन करा’ म्हणून अर्धं पान रिकामं. ती पूर्ण भरल्याशिवाय कथेचा पहिला खर्डाही वाचला जाणार नाही, असा नियम होता. त्या शीटवरचा माझा राग अजून गेलेला नाही. ती भरायची कशी हे आम्हाला सविस्तर सांगितलं गेलं. भरून झाल्यावर त्यातून जिवंत माणूस बाहेर कसा काढायचा, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. खर्डा परत आला तेव्हा समासात एवढंच लिहिलं होतं: ‘स्वभाव कळतो, पण दिसत नाही.’

माझं पात्र होतं वासंती. साठीची, निवृत्त लिपिक, अविवाहित, तीन भावंडांत मधली. शीटमध्ये तिच्याबद्दल लिहिलं होतं: सत्यप्रिय, काटकसरी, हिशेबात काटेकोर, स्वाभिमानी, हळवी पण दाखवत नाही, धाकट्या भावावर जीव, कुणाचे उपकार ठेवत नाही. कथा अशी की वडील वारले आहेत, त्यांची बँकेतली शिल्लक तिघांत सारखी वाटायची आहे, आणि कागदपत्रं लावण्याचं काम वासंतीकडे आलं आहे.

शीट चाळून घेण्याचं काम सोपं होतं. वय, नोकरी, घरात कोण कोण, ही माहिती कथेत एका वाक्यात सरळ सांगून टाकावी. ती ‘दाखवण्यात’ शक्ती घालवू नये. आवडता रंग वगैरे मी काढून टाकलं. उरली ती विशेषणं. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहिला: हा गुण हिला कधी महागात पडेल? काटकसर महागात पडण्याचा प्रसंग सुचेना, म्हणून ती बारीकसारीक कृतींसाठी ठेवली. जुन्या लिफाफ्याच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब करणं, वगैरे. ‘सत्यप्रिय’ आणि ‘धाकट्यावर जीव’ हे दोन गुण मात्र एकमेकांच्या अंगावर घालता येतील असे होते. इथपर्यंत काही अडलं नाही.

अडलं ते पुढे, आणि चांगलंच अडलं.

प्रसंग उभा केला तो असा. कागद लावताना वासंतीला वडिलांची जुनी डायरी सापडते. एका पानावर त्यांच्या अक्षरात धाकट्या अरुणला उसनी दिलेली रक्कम आहे, तारखेसह. खाली ‘परत’ असं लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे. दादाला हे माहीत नाही. वडिलांनी लिहून ठेवलंय हे अरुणलाही माहीत नाही. डायरी पुढे केली तर ती रक्कम अरुणच्या वाट्यातून वजा होईल. लपवली तर दादावर अन्याय.

मला वाटलं, आता निवड आली म्हणजे काम झालं. एका खर्ड्यात तिने डायरी दादाला दाखवली. वासंती सत्यप्रिय ठरली, आणि धाकट्यावरचा जीव कुठे गेला ते कळेना. मग दुसऱ्यात तिने पान फाडलं. आता ती प्रेमळ ठरली आणि सत्यप्रियता नुसती शीटवर राहिली. ही कसर भरायला मी पान फाडताना तिचे हात थरथरवले, डोळ्यांत पाणी आणलं, रात्रभर जागं ठेवलं. काही उपयोग नाही. थरथरणारे हात कुणाचेही असू शकतात.

या टप्प्यावर मी फार चिडले होते. शीट पुन्हा पुन्हा वाचून काढायचे, कारण उत्तर त्यातच असणार असा त्या कार्यशाळेचा सूर होता. शीटमध्ये उत्तर नव्हतं. असणार कसं? तिथे गुण एकाखाली एक लिहिलेले असतात आणि सगळे एकदम खरे असतात. निवड करताना त्यांतला कुठला तरी मागे पडतो, आणि कुठला पडतो, किती, त्याची भरपाई तो माणूस कशाने करतो, हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नसतं.

अडकलेलं सुटलं ते एका चाचणीने. वासंतीच्या जागी मी दादाला बसवलं. दादा सरळमार्गी, तोही डायरी दाखवेल. मग अरुणच्या बायकोला बसवलं. ती पान फाडेल. म्हणजे माझे दोन्ही खर्डे कथेतल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी निवडी होत्या! दाखवायचं की लपवायचं हा प्रश्न प्रसंगाने टाकलेला होता. त्याचं ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर वासंतीने दिलं तर तिची ओळख पटत नाही. तिने असं काहीतरी करायला हवं होतं, जे त्या घरात दुसऱ्या कुणालाच सुचलं नसतं.

तेव्हा बाजूला ठेवलेले गुण कामाला आले: हिशेबात काटेकोर, कुणाचे उपकार ठेवत नाही. वासंती लिफाफ्याच्या पाठीवर हिशेब मांडते. अरुणची उसनी रक्कम शिल्लकीत धरली असती तर तिघांचा वाटा प्रत्येकी त्या रकमेच्या एक तृतीयांशाने वाढला असता. म्हणजे दादाचं नुकसान आहे ते बरोबर तेवढंच. ती आकडा काढते, पट्टीने खाली रेघ ओढते आणि वाटणीच्या वेळी म्हणते, “माझ्या वाट्यातले एवढे दादाकडे वळते करा.” कारण सांगत नाही. डायरी जिथे होती तिथेच, त्याच गठ्ठ्यात, पान शाबूत ठेवून परत जाते. उद्या कुणी उघडून पाहिली तर ती अडवणार नाही, पण स्वतः कुणाला सांगणारही नाही.

आकडा तुटक आहे, आणि कथेत मला सर्वांत आवडतो तो हाच तपशील. औदार्याने देणारा माणूस सहसा गोल रक्कम देतो. देणं फेडणारा शेवटच्या पैशापर्यंत मोजून देतो. तिला उदार व्हायचं नाही, हिशेब पुरा करायचा आहे, हे तो आकडा एकटा सांगतो. दादा चक्रावून विचारतो, “हा असला आकडा आणलास कुठून?” ती म्हणते, “बरोबर आहे तो.” सत्यप्रियता, भावावरची माया, स्वाभिमान, काटेकोरपणा, सगळे आले, आणि त्यांतलं एकही विशेषण कथेत लिहावं लागलं नाही. हे जमलं तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला, तो आजही आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती आता आठवली. निवड दिसण्यासाठी तिने सोडून दिलेला रस्ताही वाचकाला दिसला पाहिजे, आणि तो सोपा असला पाहिजे. वासंती नुसती गप्प बसली तर वाचकाला वाटेल की बोलायची वेळच आली नाही. म्हणून वाटणीच्या आधी मी दादाच्या तोंडी एक वाक्य घातलं: “वासंती, कागद तू पाहिलेस. आणखी काही असेल तर आत्ताच सांग.” दार सताड उघडं आहे. ती म्हणते, “बाकी सगळं लावून ठेवलंय.” खोटं बोलली नाही, खरंही सांगितलं नाही. काव्यशास्त्राविषयीच्या ग्रंथात ॲरिस्टॉटलने स्वभावाचा संबंध निवडीशी जोडला आहे. बोलणारा काय पत्करतो आणि काय टाळतो हे ज्या बोलण्यातून कळत नाही, त्यात स्वभाव नसतो, असं तो म्हणतो. टाळलेलं दिसण्यासाठी दादाचं ते वाक्य लागतं. माझ्या आधीच्या खर्ड्यांत ते नव्हतं.

तसंच, किंमत निवडीच्या आधी पेरावी लागते. वासंतीला पैशांची गरज नसेल तर तिच्या त्यागाला अर्थ नाही. म्हणून सुरुवातीला, ती बसल्या जागी वहीत निवृत्तिवेतनाचे महिने जुळवताना दाखवली. दोनच ओळी. निवडीनंतर ही माहिती दिली तर ती सफाई देण्यासारखी वाटते.

खर्डा मी एका मैत्रिणीला दिला, शीट न दाखवता, आणि विचारलं की ही बाई कशी वाटते. तिने ‘सत्यप्रिय’ वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाली, “फार मानी आहे. आणि थोडी मालकी गाजवणारी. त्या अरुणला स्वतःहून कबूल करायची संधीच दिली नाही तिने.” हा दोष माझ्या शीटमध्ये नव्हता, पण मी लिहिलेल्या प्रसंगात होता, आणि तो खरा होता. तिथून कथेला पुढचा प्रसंग मिळाला: अरुणला कळतं, आणि तो आभार मानण्याऐवजी भडकतो. “ताई, माझं देणं तू परस्पर कसं फेडलंस?” वाचणाऱ्याला शीटमधलेच शब्द सुचले तर गुण पोचले एवढंच समजावं. शीटबाहेरचा शब्द सुचला आणि प्रसंगात त्याला आधार असला, तर पात्र तयार झालं.

हे सगळं प्रत्येक गुणासाठी करू नये. एका कथेत अशी एक मोठी निवड पुरते. तिच्या आगेमागे दोन-तीन छोट्या असाव्यात: कुणाशेजारी बसायचं, कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, कुठला कागद टाकायचा आणि कुठला जपायचा. छोट्या निवडींना किंमत लागत नाही, पण त्या मोठ्या निवडीच्या दिशेने जाणाऱ्या हव्यात. वासंती सुरुवातीलाच वडिलांच्या जुन्या पावत्यासुद्धा फाडत नाही, म्हणून पुढे डायरीचं पान न फाडणं तिला शोभतं. पात्राचा भूतकाळही इथेच वापरावा: कुठला पर्याय तिच्या मनात येतच नाही, हे ठरवायला. अरुणला बाजूला बोलावून जाब विचारणं वासंतीला सुचत नाही, कारण त्या घरात पैशांविषयी तोंडावर कुणी कधी बोललेलंच नाही. हे मला कथेत सांगावं लागलं नाही, पण मला स्वतःला माहीत असावं लागलं. शीटचा तेवढा उपयोग मी मान्य करते.

शेवटची काटछाट करताना निवडीच्या लगेच नंतरचं वाक्य आधी तपासा. माझ्या खर्ड्यात तिथे ‘वासंती अशीच होती’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्या पुढे तिच्या मनातल्या घालमेलीचा एक परिच्छेद. दोन्ही काढले. आता दादाच्या प्रश्नानंतर वासंती लिफाफा घडी घालून पर्समध्ये ठेवते आणि अरुणला विचारते, सही कुठे करायची.