ओठांचा कोपरा

शनिवार, रात्री उशिरा

दादा मुखपृष्ठाकडे बघून एवढंच म्हणाला, "ताई रागावलीय का यात?"

तीन दिवस बसून केलेलं काम. मासिकाचं मुखपृष्ठ वाटावं असं, वर मोठं नाव, बाजूला मथळे, खाली कोपऱ्यात खोटा बारकोडसुद्धा. आणि तिच्या पन्नाशीच्या भेटीकडे बघून माणूस हे विचारतो. आधी राग आला. कुणाला काय कळतं त्यातली मेहनत, असं वाटून लॅपटॉप बंद केला.

मग उघडून बघितलं. ताई हसते ते एकाच बाजूनं, डाव्या कोपऱ्यातून. आमचा सगळ्यांत मोठा मथळा डाव्या समासापासून सुरू होऊन नेमका तिथं संपत होता. शेवटच्या अक्षराच्या वेलांटीनं तो कोपरा झाकला होता. उरलेले ओठ सरळ रेषेत, म्हणून चेहरा करडा. तिचं हसू मीच झाकलं होतं, आणि तीन दिवस मला दिसलं नव्हतं.

कसं झालं ते आता कळतं. पहिल्या दिवशी चेहऱ्याभोवती लाल पारदर्शक आकार काढला होता, कपाळापासून हनुवटीखालपर्यंत, दोन्ही कानांबाहेर बोटभर जागा सोडून. त्याच्या आत अक्षर जायचं नाही. मग रंग बघायला तो लेअर लपवला आणि पुन्हा लावलाच नाही. नंतर मथळ्याची अक्षरं मोठी केली. डावीकडून बांधलेली ओळ वाढते ती उजवीकडे, म्हणजे चेहऱ्याकडेच. आणि दोनशे टक्के मोठं करून अक्षरांच्या कडा तपासत बसलं की पडद्यावर अक्षरंच असतात, माणूस नसतो.

वरच्या नावाचं दुखणं वेगळं. फोनवरचा फोटो ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचा, आणि डोक्यावर भिंत जेमतेम. ए४ कागद, कापायला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा, म्हणजे २१६ बाय ३०३. पूर्ण रुंदी ठेवली तर भिंत वर फक्त २१० पिक्सेल वाढवता येते, छापल्यावर दीड सेंटिमीटर. त्याहून वाढवली की बाजूच्या भिंतीही वाढवाव्या लागतात आणि ताई लहान होत जाते. ते नको होतं. म्हणून तिचं डोकं कापून वेगळा लेअर केला आणि नावाच्या पुढे आणला. खऱ्या मासिकांत करतात तसं.

पण "आमची ताई" वाचेना. रोमन अक्षर वरच्या अर्ध्यावरून बऱ्याचदा ओळखू येतं. आपल्याकडे वर शिरोरेखा, ती सगळ्यांची सारखीच, अक्षराची ओळख तिच्याखाली. डोकं खालून येतं आणि नेमकी तीच झाकतं. "ची"तला च केसांमागे गेला आणि उरली रेघ आणि वेलांटी. दोन तास नाव इकडून तिकडे सरकवलं. शेवटी "आमची" काढून टाकलं. नुसतं "ताई" ठेवलं तर केसांमागे त चा काना येतो, आणि काना वरून थोडा दिसला तरी पुरतो. ई च्या माथ्यावरचा फाटा मात्र वर कापला जाऊ नये म्हणून सगळं नाव थोडं खाली घेतलं.

"आमची" काढताना बरं वाटलं नाही. असो.

मथळे सात होते. सातही खरे, एकही काढवत नव्हता. पण ती उजवीकडे बघते, त्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर मजकूर ठेवला तर ती भिंतीकडे बघत बसल्यासारखी दिसते. तेवढी जागा मोकळीच हवी. डावीकडे ते हसू. मग राहिली हनुवटीखालची जागा. गडद कपड्यांवर पांढरी अक्षरं स्वच्छ उठतात, तिथं तीन मथळे बसले. वरची ओळ आखूड, खालच्या खांद्याच्या उताराबरोबर लांबत गेलेल्या. अंतर या वेळी शिरोरेखेपासून नाही, वेलांटीच्या टोकापासून मोजलं.

चित्र टपाल तिकिटाएवढं करून लांबून बघितलं. आधी चेहरा दिसला, मग नाव. लाल लेअर आता उघडाच ठेवलाय, छापायला देताना काढेन.

तरी ते तीन दिवस जात नाहीत डोक्यातून. रोज तिच्याच चेहऱ्यासमोर बसत होते मी. गेल्या वर्षीही फोनवर ती म्हणाली होती की… ते राहू दे.

हसू आता पूर्ण दिसतंय. उरलेले चार मथळे कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहीन, चौकटीत गेल्यावर दिसणार नाहीत तरी. दादाला नवीन अजून दाखवलेलं नाही. उद्या दाखवेन, आणि काही न सांगता तो काय विचारतो ते बघेन.