युजर टेस्टिंगची नोंद: स्क्रीनर, बडबड आणि हातात उरणारे पैसे

कंपन्यांच्या वेबसाइट आणि अॅप वापरून बघायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे माझं युजर टेस्टिंगचं काम. या महिन्यात स्क्रीनरकडे, म्हणजे टेस्ट मिळण्याआधी विचारल्या जाणाऱ्या पात्रतेच्या प्रश्नांकडे, नीट लक्ष दिलं. नव्या मंडळींची तक्रार ठरलेली असते: डॅशबोर्डवर टेस्ट दिसते, दोन-तीन प्रश्नांची उत्तरं देतो आणि लगेच ‘तुम्ही पात्र नाही’ असं येतं. यात आपलं काही चुकत नाही. ज्यांना टेस्ट करून घ्यायची असते त्यांना माणसंच थोडी लागतात. 5 जणांकडून टेस्ट करून घेतली की बहुतेक मोठ्या अडचणी कळतात, असं वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलं आणि हा धंदा आजही बराचसा त्याच हिशेबाने चालतो. म्हणजे एका टेस्टला जागा पाच-दहा, आणि स्क्रीनर मात्र शेकडो लोकांसमोर उघडलेला. त्यात कुणाला ‘गेल्या सहा महिन्यांत गृहकर्ज घेतलेले’ हवे असतात, कुणाला फक्त अमेरिकेत राहणारे. सोलापुरातून बसणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या टेस्ट त्यामुळे आधीच कमी.

स्क्रीनरमध्ये थाप मारायची नाही. गृहकर्ज घेतलं म्हणून सांगितलं, तर तिसऱ्या मिनिटाला ‘हप्ता कुठून भरता ते दाखवा’ असं येतं आणि रेकॉर्डिंगमध्ये आपली तंतरलेली सगळ्यांना ऐकू जाते. रेटिंग पडलं की पुढच्या टेस्ट दिसणंही कमी होतं.

पात्र ठरलो की पुढचं काम सरळ असतं. स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड होतो, एकेक काम समोर येतं, ते करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, शेवटी काही लेखी प्रश्न. त्या वेळी पलीकडे ऐकायला कुणी नसतं, रेकॉर्डिंग नंतर ऐकतात. व्हॉट्सअॅप वेब आधी बंद करायचं, आणि खरा कार्ड नंबर किंवा ओटीपी कुठेही टाकायचा नाही.

बोलायचं काय, ते एका टेस्टवरून सांगतो. बस तिकिटाचं अॅप होतं. काम असं: ‘तुमच्या गावाहून जवळच्या मोठ्या शहरात जाणारी, तुम्हाला परवडेल अशी रात्रीची बस शोधा. पैसे भरायच्या आधी थांबा.’ मी सोलापूर ते पुणे टाकलं. यादी आली, भाडं दिसलं, पण बस कुठून पकडायची ते दिसेना. मग बोललो: ‘मला पुणे नाक्यावरून बसायचंय. ते या कार्डावरच दिसेल असं वाटलं होतं, दिसत नाही. गाडीच्या नावावर दाबतो, तिथे असेल.’ दाबलं तर थेट सीटचा नकाशा उघडला. ‘मला अजून सीट निवडायची नाहीये, मागे जातो.’ मागे गेलो तर आधी लावलेला रात्रीचा फिल्टर उडालेला. तेही बोललो. थांब्यांची यादी अखेर सीट निवडल्यानंतरच्या पानावर सापडली.

अपेक्षा काय होती, झालं काय, आणि त्यावर मी काय केलं, एवढं ऐकू आलं की त्यांचं काम झालं. ‘रंग छान आहे, अॅप सोपं आहे’ असल्या बोलण्याचा त्यांना उपयोग नसतो. ‘हे बटण वर घ्या’ असा सल्ला विचारल्याशिवाय देऊ नये. बटण कुठे ठेवायचं ते डिझायनर बघतील.

आमच्याकडची अडचण म्हणजे आवाज. घरामागे यंत्रमाग आहेत, आणि लॅपटॉपचा माइक माझ्या इंग्रजीपेक्षा मागाची खटखट जास्त इमानाने टिपतो. तोंडाजवळ माइक असलेला साधा वायरवाला इअरफोन लावला आणि आतल्या खोलीत, चादरींच्या कपाटाला लागून बसलो. फरक लगेच जाणवतो. अमेरिकी कंपन्यांच्या टेस्ट आपल्या संध्याकाळी-रात्री येतात, म्हणून वेळ बदलून फारसा उपयोग होत नाही.

आता पैसे. युजरटेस्टिंग नावाच्या साइटवर साधारण 20 मिनिटांच्या टेस्टला 10 डॉलर, अगदी छोट्याला 4 डॉलर हा बरीच वर्षं चालत आलेला दर. समोरच्या माणसाशी थेट बोलायच्या मुलाखतीला 30 किंवा त्याहून जास्त मिळतात, पण त्या क्वचित. पैसे काही दिवसांनी पेपलवर येतात आणि तिथून बँकेत जातात. पेपल स्वतःच्या दराने डॉलरचे रुपये करतं आणि तो दर बाजारभावापेक्षा काही टक्के खालीच असतो. म्हणून 10 डॉलरचे आठशे-साडेआठशे धरावेत.

पण ते 20 मिनिटांचे नव्हेत. एक टेस्ट मिळेपर्यंत पंधरा-वीस स्क्रीनर सहज जातात, प्रत्येकी मिनिटभर धरलं तरी वेळ दुप्पट झाला. टॅब उघडा ठेवून वाट बघणं वेगळंच. माझ्याकडे बऱ्या महिन्यात चार-पाच टेस्ट होतात, म्हणजे साडेतीन-चार हजार. एखादा महिना कोरडा जातो. मोबाइलचं रिचार्ज आणि वीजबिल निघतं; घरभाडं यावर धरू नका. ही कमाई आयकर विवरणपत्रातही दाखवावी लागते, त्यामुळे तारीख आणि जमा रक्कम एका वहीत उतरवतो. आणि टेस्ट द्यायच्या आधी कुणी तुमच्याकडूनच ‘डिपॉझिट’ मागत असेल, तर ती फसवणूक समजा.

पुढच्या महिन्यात प्रोफाइलमध्ये माझी खरी उपकरणं भरून बघणार आहे: जुना अँड्रॉइड फोन आणि घरातला टॅबलेट. टॅबलेटच्या टेस्ट कमी येतात, पण त्यासाठी माणसंही कमी असतात. फरक पडला तर आकड्यांसह लिहीन.