वारंवारितेचं बरोबर लिहिलं, तरी वेगाचं उत्तर चुकलं

अकरावीच्या चाचणीत तीन गुणांचा प्रश्न होता. ५१२ हर्ट्झच्या नादकाट्याचा आवाज हवेतून पाण्यात शिरतो; पाण्यातली तरंगलांबी काढा आणि वेग का वाढतो याचं कारण द्या. हवेतला वेग ३४४ मीटर प्रतिसेकंद आणि पाण्यातला १४८०, असं प्रश्नातच दिलं होतं. मला एक गुण मिळाला. कारणावर लाल पेनची उभी फुली होती.

मी लिहिलं होतं ते असं: हवा पाण्याच्या पृष्ठभागाला सेकंदाला ५१२ वेळा ढकलते, म्हणून पृष्ठभागही तितक्याच वेळा हलतो आणि वारंवारिता बदलत नाही. हवेतली तरंगलांबी ०.६७ मीटर, पाण्यातली २.८९ मीटर. v = fλ मध्ये f कायम आहे आणि λ वाढली, म्हणून v वाढला.

मला यात चूक दिसेना. मधल्या सुट्टीत पेपर घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी वारंवारितेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे अगदी बरोबर आहे. पण २.८९ आलं कुठून?"

"१४८० भागिले ५१२."

"म्हणजे वेग वापरून तरंगलांबी काढलीस, आणि मग तरंगलांबी वाढली म्हणून वेग वाढला म्हणतेस?"

आकडेमोड बरोबर होती, म्हणून माझं लक्षच गेलं नव्हतं. तरीही मी म्हटलं, पण सूत्र खोटं नाही ना? त्या म्हणाल्या, दुपारी प्रॅक्टिकल आहे, तिथे बघ.

प्रॅक्टिकल रेझोनन्स ट्यूबचं होतं. उभी काचेची नळी, रबरी नळीने जोडलेली पाण्याची टाकी, टाकी खालीवर केली की नळीतलं पाणीही खालीवर होतं. ५१२ चा काटा रबरी ठोकळ्यावर आपटून नळीच्या तोंडाशी धरला आणि पाणी हळूहळू खाली नेलं. १६ सेंटिमीटरवर आवाज एकदम भरून आला, जरा पुढे गेलं की पुन्हा बसला. मग २५६ चा काटा घेतला, तेव्हा ३२.६ वर आला. नळीचा व्यास ३ सेंटिमीटर, त्यामुळे तोंडाची दुरुस्ती ०.९ मिळवायची आणि चारने गुणायचं. तरंगलांबी आली ६७.६ आणि १३४ सेंटिमीटर. वेग आला ३४६ आणि ३४३.

वहीत हे आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला माझं उत्तर दिसलं. तरंगलांबी जवळजवळ दुप्पट झाली होती आणि वेग तिथेच होता. माध्यम तेच असेल तर f निम्मी झाल्यावर λ दुप्पट होते. म्हणजे λ वेगाला ओढून नेत नाही, ती f आणि v ठरल्यावर उरलेली जागा भरते.

मग वेग कोण ठरवतं? मी लगेच म्हटलं, पाणी हवेपेक्षा घन आहे म्हणून. मॅडम म्हणाल्या, मग हेलियम? हेलियम हवेपेक्षा कितीतरी हलका, आणि त्यात ध्वनीचा वेग हजार मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास. घनतेने वेग वाढत असता तर उलटं व्हायला हवं होतं. हे दुसरं चुकीचं उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं, म्हणून ते सोडायला जास्त जड गेलं.

एक थर दाबला की तो परत फुगताना पुढच्या थराला ढकलतो. तो किती जोराने फुगतो ही त्याची स्थितिस्थापकता. आणि पुढचा थर जितका जड, तितका तो हलायला वेळ घेतो, ही घनता. म्हणून v = √(B/ρ). घनता खाली आहे, ती एकटी वेग कमीच करते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८३० पट आहे, पण पाणी दाबायला हवेच्या सुमारे १५,५०० पट कठीण आहे. भागाकार १८.७, वर्गमूळ ४.३. प्रश्नातले १४८० भागिले ३४४ सुद्धा ४.३ च येतात. हा आकडा जुळला तेव्हा मी पेनाने त्याखाली दोनदा रेघ ओढली.

गुण वाढवून मिळाले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत. उत्तर मात्र पेपरच्या मागच्या पानावर नव्याने लिहिलं: वारंवारिता नादकाट्याने ठरवली, ती सीमेवर बदलत नाही. पाणी घन असलं तरी दाबायला त्याहून कितीतरी जास्त कठीण आहे, म्हणून त्यात वेग जास्त. वारंवारिता तीच आणि वेग ४.३ पट, म्हणून तरंगलांबीही ४.३ पट.