विहिरीचे पाणी, तळ्याचे अस्तर आणि भरपाईचे गणित: हरित न्यायाधिकरणातील माझा अनुभव

आमच्या शिवारातील विहिरी खराब झाल्या तेव्हा गावाची मागणी एकच होती: कारखाना बंद करा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे प्रकरण उभे राहिल्यावर त्या एका मागणीचे दोन प्रश्न झाले. पुढचे नुकसान आजच कसे थांबवायचे हा पहिला, आणि होऊन गेलेल्या नुकसानीचा खर्च कोणी उचलायचा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सावधगिरीच्या तत्त्वात मिळते आणि दुसऱ्याचे, प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, या तत्त्वात. न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्याच्या कलम 20 प्रमाणे निर्णय देताना ही दोन्ही तत्त्वे लागू करणे बंधनकारक आहे. माझीही विहीर त्यात असल्याने आणि कागदपत्रे सांभाळण्याचे काम माझ्याकडे आल्याने, ही तत्त्वे प्रत्यक्षात कशी चालतात आणि कुठे अडतात, हे मला जवळून पाहता आले.

कारखाना रंगांसाठी लागणाऱ्या रसायनांचा, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या लाल प्रवर्गातला. प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची प्रत आम्ही माहितीच्या अधिकारात मिळवली. सांडपाण्याचा एक थेंबही आवाराबाहेर जाणार नाही, सगळे पाणी बाष्पीभवन यंत्रणेत आटवले जाईल, अशी त्यात अट होती. त्या यंत्रणेला वेगळे वीजमीटर असणे आणि त्याच्या नोंदी ठेवणे हीसुद्धा अट होती. पाहणी अहवालांना जोडलेल्या नोंदी मी उत्पादनाच्या आकड्यांशेजारी मांडल्या, तेव्हा उत्पादन नेहमीसारखे चालू असलेल्या काही महिन्यांत बाष्पीभवनाचे मीटर जवळजवळ हललेलेच नव्हते. मग पाणी गेले कुठे? कारखान्यामागे मातीचे एक साठवण तळे होते आणि एका पाहणी अहवालात, अगदी शेवटच्या रकान्यात, ‘तळ्याला अस्तर नाही’ असे तीन शब्द लिहिलेले होते. रोज पाणी येऊनही ज्या तळ्याची पातळी चढत नाही आणि उन्हाने जितके आटेल त्याहून अधिक पाणी ज्यात येते, त्यातले उरलेले पाणी जमिनीतच मुरत असणार.

कंपनीचे म्हणणे असे होते की आमच्या भागातील जमिनी आधीच क्षारपड आहेत आणि विहिरींतील क्षार खतांमुळे व अतिसिंचनामुळे वाढले आहेत. हा बचाव सहज फेटाळण्यासारखा नव्हता, कारण असे खरोखर घडते. त्यामुळे केवळ खालच्या विहिरींचे पाणी तपासून भागणार नव्हते. भूजल ज्या दिशेने वाहते तिच्या वरच्या अंगाची, म्हणजे तळ्याच्या पलीकडची एक विहीर आम्ही तुलनेसाठी घेतली. तिथेही पिके तीच, खते तीच आणि पाणी देण्याची पद्धतही तीच होती. त्या विहिरीत एकूण विरघळलेले क्षार, ज्याला सगळे टीडीएस म्हणतात, लिटरला सुमारे 700 मिलिग्रॅम होते. तळ्याखालच्या पहिल्या विहिरीत ते 4,000 च्या वर होते आणि पुढच्या विहिरींत अंतर वाढेल तसे उतरत गेले होते. खतांचा दोष असता तर नायट्रेट वाढले असते, पण ते सर्व विहिरींत जवळपास सारखेच होते. वाढले होते ते सल्फेट आणि सीओडी, म्हणजे पाण्यातील रासायनिक घटकांच्या विघटनाला लागणाऱ्या प्राणवायूचे माप. शेतीच्या क्षारांमुळे सीओडी असा चढत नाही.

नमुन्यांच्या बाबतीत एक गोष्ट सांगितली पाहिजे. जल अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे अधिकाऱ्याने कारखान्यातील सांडपाण्याचा नमुना घेताना तिथल्या जबाबदार माणसाला सूचना द्यायची, त्याने मागणी केल्यास त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे आणि ते मोहोरबंद करून दोघांनी सही करायची, अशी रीत आहे. फौजदारी खटल्यात ही रीत मोडलेला नमुना टिकत नाही. आम्ही खासगी प्रयोगशाळेत केलेल्या तपासण्यांना तो दर्जा नव्हता. न्यायाधिकरण मात्र पुराव्याच्या कायद्याच्या नियमांनी बांधलेले नाही. त्यामुळे आमचे आकडे अंतिम पुरावा म्हणून नव्हे, तर चौकशीला पुरेसा आधार आहे हे दाखवण्यासाठी उपयोगी पडले आणि त्यावरून संयुक्त समिती नेमली गेली.

इथे सावधगिरीचे तत्त्व कामाला आले. कंपनीच्या वकिलांचा युक्तिवाद असा की तळ्यातून विहिरीपर्यंत पाणी पोहोचते हे भूगर्भीय अभ्यासाने सिद्ध होईपर्यंत कोणताही आदेश देऊ नये. तो अभ्यास किमान एक पावसाळा पाहिल्याशिवाय पूर्ण होणार नव्हता, आणि तेवढ्यात मुरणारे पाणी पुन्हा वर काढता येत नाही. आमच्या वकीलबाईंनी वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्याचा 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला. गंभीर आणि भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल, तर शास्त्रीय खात्री नाही या कारणाने उपाय लांबवता येत नाहीत, आणि आपले काम पर्यावरणाला निरुपद्रवी आहे हे दाखवण्याचा भार ते काम करणाऱ्यावर असतो, असे त्यात म्हटले आहे.

तरीही हा भार आपोआप फिरत नाही. नुसती भीती बोलून दाखवली म्हणून कारखान्याने निर्दोषपणा सिद्ध करावा, असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. भीतीला आधी काहीतरी वाजवी आधार दाखवावा लागतो. आमच्याकडे तो तीन गोष्टींचा होता: मीटरच्या नोंदी, अस्तर नसल्याचा शेरा आणि अंतरानुसार उतरणारे क्षार. खंडपीठाने विचारले की तळे गळत नाही हे दाखवणारी एक तरी चाचणी कंपनीने कधी केली आहे का. केलेली नव्हती. भार फिरतो म्हणजे नेमके काय होते, हे मला त्या प्रश्नात कळले.

अंतरिम आदेशाने कारखाना बंद झाला नाही आणि त्यामुळे गावात बरेच जण नाराज झाले. तळ्यात पाणी सोडणे लगेच थांबवायचे, आहे ते पाणी आणि तळाचा गाळ उचलून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवायचा, बाष्पीभवन यंत्रणा पेलू शकेल तेवढेच उत्पादन करायचे आणि बाधित घरांना पिण्याचे पाणी कंपनीच्या खर्चाने पुरवायचे, असा तो आदेश होता. माझ्या मते तो योग्य होता. धोका तळ्यातून होता, म्हणून उपाय तळ्यावर झाला.

भरपाईचा भाग यापेक्षा पुष्कळ अवघड गेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे यासाठी एक सूत्र आहे:

EC = PI × N × R × S × LF

यातील EC म्हणजे भरायची पर्यावरणीय भरपाई. PI हा प्रदूषण निर्देशांक लाल प्रवर्गासाठी 80 धरतात. R हा रुपयांतील गुणक 100 ते 500 च्या दरम्यान असू शकतो आणि साधारणपणे 250 घेतात. S हा कारखान्याच्या आकारासाठी असून मध्यम उद्योगाला 1 आहे, आणि LF हा लोकवस्तीचा गुणक 10 लाखांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी 1 आहे. आमच्या बाबतीत 80 गुणिले 250 म्हणजे दिवसाला 20,000 रुपये झाले. उरतो N, म्हणजे उल्लंघनाचे दिवस. सगळा वाद तिथे असतो, कारण हे दिवस अधिकाऱ्यांनी उल्लंघन पाहिले त्या तारखेपासून दुरुस्तीची खात्री झाली त्या तारखेपर्यंत मोजले जातात. त्याआधीची वर्षे, ज्यांत पाणी खरे मुरले, सूत्राच्या बाहेर राहतात. शिवाय ही रक्कम मंडळाकडे जमा होते. शेतकऱ्याच्या हाती त्यातले काही येत नाही.

म्हणून आम्ही सूत्राची रक्कम वेगळी ठेवून, न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम 15 खाली पिकांची नुकसानभरपाई आणि भूजल पूर्ववत करण्याचा खर्च अशा दोन स्वतंत्र मागण्या केल्या. मुदतीचा फरकही मोठा आहे: कलम 14 खालच्या वादाला कारण घडल्यापासून सहा महिने, तर कलम 15 खालच्या भरपाईला पाच वर्षे मिळतात, आणि दोन्हीकडे सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस. या मागण्यांना आधार होता राजस्थानातील बिछडीच्या खटल्याचा. तिथे एच-ॲसिड या रंगांसाठीच्या रसायनाच्या कारखान्यांचा गाळ उघड्यावर टाकल्याने गावांच्या विहिरी नासल्या होत्या. धोकादायक उद्योग करणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली तरी झालेले नुकसान त्यानेच भरून द्यायचे, आणि त्यात पीडितांच्या भरपाईबरोबर पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्चही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले. पण त्याच प्रकरणात उपाययोजनेच्या सुमारे 37 कोटी रुपयांसाठी 2011 पर्यंत भांडावे लागले, हेही मी गावात सर्वांना सांगितले होते.

कंपनीच्या वार्षिक उलाढालीच्या ठरावीक टक्के रक्कम मागावी, असा काहींचा आग्रह होता. वकीलबाईंनी तो मानला नाही, आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात उलाढाल आणि प्रदूषणाची हानी यांचा संबंध नाही म्हणून तशी आकारणी रद्द केली, त्यावरून त्यांचे बरोबर होते असे दिसते. नुकसान शेतागणिक दाखवावे लागले. सातबाऱ्यावरील पीकपेरा, तलाठ्याचा पंचनामा आणि बाजार समितीच्या जुन्या व नव्या पट्ट्या एकत्र लावल्या की एकरी उत्पन्न किती घटले ते दिसते. ज्यांनी पट्ट्या जपून ठेवल्या होत्या त्यांचे दावे जवळपास पूर्ण मान्य झाले. ज्यांनी माल बांधावरच व्यापाऱ्याला रोखीने दिला होता त्यांना सरासरीवर समाधान मानावे लागले, आणि बटाईने कसणाऱ्यांची नावे सातबाऱ्यावर नसल्याने त्यांना काहीच मिळाले नाही. नुकसान सर्वात जास्त त्यांचेच होते. याची खंत मला आजही आहे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र अर्ज तयार करण्याचे काम सध्या चालू आहे.

भूजलासाठी कंपनीने रक्कम जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेव म्हणून भरली आहे. खालच्या विहिरींचे पाणी उपसून कारखान्याच्या यंत्रणेत शुद्ध करायचे आणि टीडीएस वरच्या अंगाच्या विहिरीच्या पातळीजवळ आल्यावरच ठेवीचा उरलेला भाग सोडायचा, असे ठरले आहे. पावसाळ्यानंतर आकडे उतरतात, ते पुनर्भरणाने पाणी पातळ झाल्यामुळे. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरचे नमुनेच खरे धरावेत, हा आमचा आग्रह समितीने मान्य केला. गेल्या उन्हाळ्यात पहिल्या विहिरीचे पाणी अजून 2,000 च्या वर होते, त्यामुळे ठेव अडवलेलीच आहे आणि उपसा चालू आहे.