मडगावची स्पेलिंग आणि जर्मन ए1

सोमवार, रात्री

जर्मनच्या ए1, म्हणजे पहिल्या पातळीच्या तोंडी परीक्षेत पहिलाच भाग स्वतःची ओळख. समोरच्या कागदावर नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद एवढेच शब्द असतात. त्यावरून बोलायचं. मडगावच्या हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या बाईंसाठी असा नमुना ठरला:

«गुटन टाग. इश हाइसऽ सुजाता नाईक. इश बिन फिअर-उंट-ड्राइसिश यारऽ आल्ट. इश कोमऽ आउस इंडिअन. इश वोनऽ इन मडगाव. इश श्प्रेशऽ मराठी, कोंकणी उंट आइन बिसशन इंग्लिश. इश बिन क्योशिन. माइन हॉबी इस्ट लेझन.»

सात वाक्यं पुरेत. क्रियापद मात्र दुसऱ्या जागी हवं. मराठी डोकं ते शेवटी ढकलतं, मग ‘इश इन मडगाव वोनऽ’ होतं. ‘इश’चा उच्चार श आणि ह यांच्या मधला, नुसता श केला तरी समजतं, क केला तर खटकतं.

खरी पडझड पुढे. परीक्षक म्हणतात, गावाचं नाव अक्षरानं सांगा, आणि एखादा नंबरही विचारतात. Margao म्हणजे एम, आ, एर, गे, आ, ओ. आपल्याकडे सगळे इंग्रजी वळणानं ‘एम, ए, आर, जी, ए, ओ’ म्हणतात. जर्मन कानाला ‘ए’ म्हणजे E, आणि इंग्रजी ‘ई’ म्हणजे I. म्हणून स्वर बाराखडीतलेच धरावेत: आ, ए, ई, ओ, ऊ. Naik झालं एन, आ, ई, का. जे योट, व्ही फाउ, डब्ल्यू वे, झेड त्सेट, असे काही वेगळे पाठ करावे.

पिनकोड 403601 सुटा सांगावा: फिअर, नुल, ड्राय, झेक्स, नुल, आइन्स. वयात मात्र जोड अंक येतो, आणि तिथे मराठीचा फायदा. चौतीसमध्ये चार आधी, तीस नंतर, फिअर-उंट-ड्राइसिशमध्येही तसंच. इंग्रजीतून मोजणाऱ्याचे 34 चे 43 होतात.

लेखी भाग 20 मिनिटांचा. आधी फॉर्मच्या पाच रिकाम्या जागा, आणि त्या दिलेल्या माणसाच्या माहितीवरून भरायच्या. घाईत लोक स्वतःचंच गाव लिहून मोकळे होतात! मग साधारण 30 शब्दांचं पत्र, त्यात तीन मुद्दे. दहापैकी नऊ गुण या मुद्द्यांचे, प्रत्येकी तीन. संबोधन, समारोप वगैरेला एकच. त्यामुळे सुंदर वाक्याच्या नादात तिसरा मुद्दा राहिला तर तीन गुण सरळ गेले. एका मुद्द्याला एक-दोन वाक्यं, आणि लिहिलेल्या मुद्द्यावर पेन्सिलीची खूण.

संबोधनानंतर स्वल्पविराम, मग ओळीचं पहिलं अक्षर लहान. नाम आलं तर मोठंच.