तुम्ही विचारलंत म्हणून: थिबा राजवाड्यातली रात्रपाळी

"काका, तुम्ही रात्रपाळीला रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात होतात ना? थिबा राजाची ती राजकन्या आणि पहारेकरी, त्यांचं इथेच जमलं, खरं का?"

माणसं खरी आणि त्यांचं जमलं हेही खरं. जागा मात्र ही नव्हे. हे मला कुणी बसवून सांगितलेलं नाही. रात्री फिरता फिरता, फलक वाचता वाचता हळूहळू लक्षात आलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी आलो तेव्हा मला ती फक्त एक सरकारी जुनी इमारत होती. खाली संग्रहालयाची दालनं, आवाराबाहेर थिबा पॉईंटला संध्याकाळी फिरायला येणारी माणसं आणि खाली भाट्याची खाडी. एजन्सीचा निळा शर्ट, बॅटरी, काठी आणि एक रजिस्टर, एवढ्यावर काम. दिवसाचा माणूस किल्ल्यांचा जुडगा हातात देताना एकच सांगायचा, "पावसात खिडक्या ओढू नकोस, हाताला लागेल."

ते मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. वाड्याच्या खिडक्या वरून अर्धगोल आणि झडपा लाकडी. मे महिन्यात खिट्टी बोटाने सरकते. आषाढात तीच झडप फुगून चौकटीत अशी बसते की खिट्टी आणि तिचं भोक समोरासमोरच येत नाहीत. जोर लावला तर खिट्टी वाकते. युक्ती अशी की झडप आधी किंचित वर उचलायची आणि मगच दाबायची. रोज तेच करत गेल्यावर कुठली खिडकी कधी अडणार हे माहीत होतं. मग त्यातल्या दोन-चार खिडक्या वेगळ्या आहेत हेही दिसायला लागलं. त्या पावसाळ्यात जास्त फुगायच्या आणि उन्हाळ्यात त्यांना फटी पडायच्या.

त्याचं कारण वाळवीने दाखवलं. पाऊस सरला की भिंतीच्या पायथ्यापासून मातीच्या बारीक नळ्या वर चढतात. बॅटरी तिरपी धरली की त्या स्पष्ट दिसतात, समोरून धरली तर नाही. माझं काम एवढंच की दिसली की रजिस्टरात लिहायचं आणि सकाळी सांगायचं. पण बघता बघता जाणवलं की ही नळी ठरावीक लाकडाकडेच जाते. बाजूच्या काळपट चौकटीला वळसा घालते आणि पुढच्या फिकट पट्टीत शिरते. काळपट आहे ते जुनं सागवान, त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. फिकट ते मागाहून दुरुस्तीत घातलेलं. बोटाच्या पेराने ठोकलं तर आवाजही वेगळा येतो, जुन्याचा घट्ट आणि नव्याचा पोकळ. अशी वाड्याची मूळ अंगं कुठली आणि ठिगळं कुठली, हे मला वाळवीकडून कळलं. पुढे दुरुस्तीला आलेल्या सुताराला मी ते न विचारता सांगायचो. तो हसायचा, पण खूण तिथेच करायचा.

भिंती आपल्या कोकणातल्याच, जांभ्याच्या. चिरा जमिनीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की कडक होतो. पण पाणी पितो. दोन-तीन दिवस झड लागली की गिलाव्यावर ओल उमटते, मग पोपडे. रात्री दोन-अडीचला वाडा वाजतो तो याच लाकूड-दगडामुळे. दिवसभर तापलेलं लाकूड खाडीवरचा वारा सुटला की आकसतं आणि कडकड करतं. पहिले काही दिवस मी बॅटरी घेऊन वर धावलो, नंतर चहाचा थर्मास उघडायचो. भुताचं विचारणारेही पुष्कळ असतात, त्यांना हेच उत्तर.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पहाटे तीन ते पाच या वेळात झोप येऊ नये म्हणून मी फलक वाचत बसायचो. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला आधी मद्रासला नेलं. एप्रिल १८८६ मध्ये तो रत्नागिरीत आला. सोबत दोन राण्या, सुपयालत आणि सुपयागले, त्या सख्ख्या बहिणी. दोन मुली मंडालेच्या, तिसरी मद्रासला झाली आणि चौथी इथे रत्नागिरीत. आणि हा वाडा कधीचा, तर १९१०.

ते वाचलं आणि मी मध्येच थांबलो. ८६ ते १०, म्हणजे चोवीस वर्षं ही माणसं राहिली कुठे?

एक निवृत्त गुरुजी सकाळी आवारात फिरायला यायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "सरकारी बंगल्यात, बाबा. हा वाडा मिळावा म्हणून राजाचे अर्जांवर अर्ज चालू होते." राजा आला तेव्हा २७ वर्षांचा होता. इथे राहायला आला तेव्हा ५१ चा. त्याची उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्या छपराखाली गेली आणि आपण ज्याला त्याचा वाडा म्हणतो त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१६ च्या डिसेंबरात गेला.

आता राजकन्येचं. थोरली, फाया जी. तिचं जमलं गोपाळ सावंत नावाच्या पहारेकऱ्याशी, रत्नागिरीचाच, घरी बायको असलेला. त्यांना मुलगी झाली टू टू, पुढे सगळे तिला बाईसू म्हणायचे. तिचा जन्म १९०६ चा. म्हणजे या वाड्यात कुटुंब राहायला यायच्या चार वर्षं आधीचा. गाईड ज्या खिडकीखाली उभं करून गोष्ट सांगतात ती खिडकी तेव्हा राजाच्या घराची नव्हतीच. गोपाळने पहारा दिला तो जुन्या बंगल्यावर. गुरुजींना हे ठाऊक होतं, पण म्हणाले, "लोकांना वाडा दिसतो, बंगला दिसत नाही. गोष्टीला जागा लागते."

ती गोष्ट आपल्याकडे फार गोड करून सांगतात. राजघराण्याच्या तोलाचा नवरा इथे मिळणार नव्हता. बाहेर पडायचं तर सरकारची परवानगी. राजावर नजर ठेवायला पोलीस अधिकारी नेमलेला. अशा घरात तरुण झालेल्या मुली, ज्या मराठी आपल्यासारखी बोलायच्या. त्यांना रोज दिसणारा बाहेरचा माणूस कोण, तर फाटकावरचा. मी त्याच धंद्यातला असल्यामुळे मला यात नवल वाटत नाही. फरक इतकाच की मी बाहेरच्याला आत येऊ नये म्हणून बसायचो आणि त्या काळचा पहारा आतल्यांनी बाहेर जाऊ नये म्हणूनही होता.

मग या वाड्यात घडलं ते काय? ते कुणी विचारत नाही आणि मला तेच जास्त लागतं. धाकटी राणी १९१२ मध्ये वारली. तिला पुरलं नाही. राजा १९१६ ला गेला, त्यालाही नाही. मायदेशी नेऊन तिथेच अंत्यविधी करायचा, असा हट्ट सुपयालतचा होता आणि सरकार नेऊ देईना. राजाचं समाधिस्थान ब्रह्मदेशात झालं तर लोक तिथे जमतील, ही धास्ती. दोन्ही शवपेट्या तशाच राहिल्या, एकीला जवळजवळ सात वर्षं आणि दुसरीला दोनाहून जास्त. शेवटी १९१९ च्या मार्चमध्ये सरकारने गावातच थडगं बांधून दोघांना एकत्र ठेवलं. त्याच वर्षी राणी आणि मुलींना परत जाऊ दिलं, तेही रंगूनला, मंडालेला नाही. सुपयालत रंगूनलाच १९२५ मध्ये वारली.

आणि थोरली? ती परत आली. मुलीला घेऊन गोपाळकडे रत्नागिरीत. या वाड्यात नव्हे, साध्या घरात. १९४७ मध्ये इथेच गेली. तिची मुलगी बाईसू पुढे जन्मभर इथेच राहिली, मराठी बोलत, गरिबीत. कागदी फुलं करून विकायची.

संग्रहालयात राजाच्या वस्तू फार नाहीत म्हणून लोक नाराज होतात. अहो, असणार कुठून? खर्च भागेना म्हणून त्याने दागिने इथल्याच व्यापाऱ्यांना विकले. एक एक करत वर्षानुवर्षं. खरी वस्तू वाडाच. मंडालेचा त्याचा राजवाडाही सागवानी होता, तो १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धात जळाला. आज तिथे दिसतो तो नव्याने बांधलेला. तेव्हा राजा शेवटी ज्यात राहिला ते जुनं लाकूड बघायचं तर ब्रह्मदेशातल्या माणसाला इथे यावं लागतं.

आणि ती येतात. संध्याकाळी फाटक बंद करायच्या वेळेला एखादा जथा उतरतो, लुंगी नेसलेले म्हातारे, पांढऱ्या झग्यातल्या बायका. एकदा एक आजी उंबऱ्याशी चपला काढून बसल्या आणि डोकं खाली टेकलं. मला काही म्हणाल्या, ते कळलं नाही, त्यांच्या नातवाने इंग्रजीत सांगितलं तेही अर्धंच कळलं. वेळ संपली होती, तरी मी कुलूप जरा उशिरा लावलं. रजिस्टरात ते लिहिलं नाही. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले तेव्हा तेही समाधीला जाऊन आले. आपल्यातले किती जण समाधी बघायला जातात? वाड्यापासून रिक्षाने थोडंच अंतर आहे. जा एकदा.

माझी पाळी संपली, आता तिथे दुसरा पोरगा असतो. किल्ल्या देताना मी त्याला खिडक्या उचलून लावायला शिकवलं, वाळवीच्या नळ्या दाखवल्या, तारखाही लिहून दिल्या. परवा भेटला तर म्हणाला, "काका, रोज दहा जण राजकन्येची खिडकी विचारतात. १९०६ आणि १९१० सांगत बसलो तर ऐकून घेत नाहीत." मग काय करतोस म्हटलं. तर त्याने एक खिडकी ठरवून टाकलीय, समुद्राच्या बाजूची. तिथे उजेड चांगला असतो, फोटो बरा येतो म्हणे.